लाल बटणावरचा थरथरता अंगठा

खराडीच्या ऑफिसात, आठव्या मजल्यावर, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी साईनाथने आपला लॅपटॉप नम्रताकडे वळवला.

"बघून घे. आवाज नाहीये, तेवढंच बरं."

विश्रांतवाडीतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या अपघात विभागातलं चित्रण होतं. सहा-सात माणसं आत घुसतात. दारात उभा असलेला सुरक्षारक्षक बद्रीनाथ दोन्ही हात पसरतो, तर त्यातला एकजण सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या गुडघ्यावर घालतो. बद्रीनाथ खाली बसतो आणि मग बसूही शकत नाही, कारण त्याला लाथा सुरू होतात. दुसरा माणूस टेबलामागच्या परिचारिकेचा अंबाडा धरून तिला ओढतो. तिचं कपाळ औषधांच्या ट्रॉलीच्या कडेवर आपटतं. बाटल्या फुटतात. ती पडत नाही. डाव्या हाताने ट्रॉली धरून, उजव्या हातातला फोन पोटाशी घट्ट दाबून उभी राहते. तिसरा तिच्या पाठीत खुर्ची घालतो. मदत यायला चार मिनिटं लागली, आणि तीही वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकीतून आरडाओरडा केला म्हणून.

"ही सिस्टर कौशल्या," साईनाथ म्हणाला. "रुग्णालयाचं म्हणणं असं, की बाई घाबरल्या आणि फोनवरचं मदतीचं बटण दाबायचंच विसरल्या. आपल्या सर्व्हरवर नोंद नाही. म्हणजे आपल्या बाजूने विषय संपला."

"तिचा अंगठा बघ ना."

"बघितला. प्रत्येकाला असतो."

नम्रताने चित्रण मागे नेलं. कौशल्याचा अंगठा पडद्यावर टेकला होता. पाठीत खुर्ची बसली तेव्हा उचलला गेला, पुन्हा टेकला. पुन्हा धक्का, पुन्हा टेकला. तीनदा. नम्रताचा त्या दिवशीचा डबा तसाच घरी परत गेला.

नम्रता बोरकुटे मूळची वरोऱ्याची. वय बत्तीस. बोलणं हळू, पाऊल जपून. रागावली की तिचं पुणेरी झालेलं मराठी सुटायचं आणि "काय करून राहिले तुम्ही" असं बाहेर यायचं; मग शेजारची पोरं दिवसभर एकमेकांना "काय करून राहिला बे" म्हणत बसायची. ती हसायची. वरोऱ्याला तिची आई शिवणकाम करायची, आणि जुनं पोलकं दुरुस्त करताना सगळं उसवून टाकायची नाही. आधी एक बाही, मग दुसरी. पोलकं दुरुस्तीला आलेलं असतानाही लागलं तर अंगात घालता यायला हवं, असं ती म्हणायची. नम्रताचं सगळं काम त्याच वळणाचं होतं.

त्यांच्या कंपनीचं 'सोबत' नावाचं अ‍ॅप पुण्यातल्या काही रुग्णालयांत चालायचं. परिचारिकांना वॉर्डासाठी म्हणून दिलेल्या छोट्या फोनवर ते असायचं. त्याच्या मुख्य पानावर वर नावाची पट्टी, खाली ड्यूटीचा तक्ता, मग खाटांची यादी आणि शेवटी एक लाल बटण. वॉर्डात मारामारी झाली तर ते दोन सेकंद दाबून धरायचं. भोवतीचं कडं भरत जातं. पूर्ण भरलं की खाली रक्षकांच्या खोलीत भोंगा वाजतो. नुसत्या स्पर्शाने वाजू नये म्हणून दोन सेकंद.

हे पान सहा वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीने, एक्सएमएलमध्ये मांडलेलं होतं. आता ते कम्पोज या नव्या पद्धतीत न्यायचं होतं. काहींचं म्हणणं होतं, पूर्ण पान नव्याने लिहून काढू. नम्रताने ऐकलं नाही. दवाखान्यात रोज वापरात असलेलं पान आहे, ती म्हणाली, एकेक भाग बदलू. तशी सोयही होती. जुन्या एक्सएमएलच्या पानात जुन्या भागाच्या जागी कम्पोजव्ह्यू नावाची चौकट बसवायची आणि त्या चौकटीच्या आत नवा भाग लिहायचा. बाकीचं पान आपलं जुनंच राहतं, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. आधी तिने पट्टी बदलली आणि आठवडाभर थांबली. मग तक्ता, मग यादी. शेवटी, एकोणीस दिवसांपूर्वी, लाल बटण. या सगळ्यांना पोटात घेणारी, बोटाने वर-खाली सरकणारी जी मोठी चौकट होती, तो स्क्रोलव्ह्यू मात्र अजून जुनाच होता.

म्हणजे ज्या बटणाबद्दल वाद होता ते तिने लिहिलेलं होतं. आणि शुक्रवारी कौशल्याची चौकशी होती. बटण दाबलं नाही हे ठरलं की तिची नोकरी जाणार, शिवाय बद्रीनाथच्या मोडलेल्या गुडघ्याचा दोषही तिच्याच माथी.

"मी उद्या तिकडे जाऊन येते," नम्रता म्हणाली.

"जा. पण लॉग कुणाचा भाऊबंद नसतो," साईनाथ म्हणाला. "नोंद नाही म्हणजे नाही."

बुधवारी दुपारी ती विश्रांतवाडीला गेली. प्रशासन सांभाळणारे हिंदुराव सैन्यातून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे गृहस्थ होते. त्यांनी तिला पाणी दिलं, आणि तिच्यासमोर स्वतःच्या फोनवर बटण दाबून दाखवलं. हात दगडासारखा. कडं भरलं, खाली भोंगा वाजला.

"पाहिलंत? मी पंधरा वेळा तपासलंय. पंधराच्या पंधरा वेळा वाजतो. यंत्राला नाव ठेवायला जागा नाही, ताई."

कौशल्या कामावरच होती. सत्तेचाळीस वर्षांची, चऱ्होलीच्या शेतकरी घरातली बाई. कपाळावर पाच टाके, उजवं मनगट पट्टीत. घोटभर चहा घेऊन ती औषधांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती.

"तुम्ही कंपनीच्या का? मग लिहून घ्या. मी दाबलं हाय. तीनदा दाबलं. तिन्ही येळा ते गोल भरता भरता रिकामं झालं."

"हे कुणाला सांगितलंत, कौशल्याताई?"

"साहेबांना. तर म्हणाले, भीतीनं भास होतो. पंचवीस वर्षं झाली मला या कामात. भास कुणाला हुतो ते मला कळतं."

नम्रताने तिला तिथेच दाबायला सांगितलं. कौशल्याने खिशातून फोन काढला. तिने अक्षरं मोठी करून ठेवली होती. चाळिशीनंतर लहान दिसत नाही, म्हणाली. तिने दाबलं, आणि वाजलं. कौशल्याने फोनकडे असं पाहिलं, जणू घरातल्या माणसानेच साक्ष फिरवली.

तेवढ्यात बाहेर गाडीचा ब्रेक करकचला.

आळंदी रस्त्यावर टेम्पोखाली सापडलेला पस्तिशीचा माणूस होता. आणला तेव्हाच तो गेलेला होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, तरी दहा मिनिटं छाती दाबली, कारण नातलग बघत होते. मग त्यांनी मान हलवली. मृताच्या भावाने शर्टाची बाही डोळ्यांवरून फिरवली, आणि त्याच हाताने डॉक्टरांच्या तोंडावर ठोसा मारला.

पुढचं नम्रताला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. डॉक्टरांचा चष्मा फरशीवर, आणि त्यावर पडलेला बूट. ऑक्सिजनचं नळकांडं आडवं पडल्याचा आवाज, जो पोटात ऐकू येतो. काचेचं दार लाथेसरशी फुटलं आणि त्याचे खडे मिठासारखे सगळीकडे पसरले. दोन माणसांनी डॉक्टरांना खाटेखाली ढकललं आणि वाकून, दम घेत घेत मारत राहिले. एक म्हातारी मध्ये पडून "आरं मारू नका, मारून तो येनार हाय का" म्हणत होती. तिलाही कोपर बसलं. ती मृताची आई होती, हे नम्रताला नंतर कळलं.

कौशल्या पळाली नाही. भिंतीला पाठ लावून तिने फोन काढला आणि अंगठा ठेवला. नम्रता तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, म्हणून पडदा तिला स्पष्ट दिसत होता. कडं भरू लागलं. एकाने कौशल्याचा दंड धरून हिसडा दिला. अंगठा काचेवरून जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा खाली घसरला. बटणावरून सुटला नव्हता. पण त्याबरोबर सगळं पान खाली सरकलं, आणि कडं रिकामं झालं.

"बघा," कौशल्या म्हणाली. अगदी हळू. जणू वर्गात फळ्याकडे बोट दाखवावं.

तिने पुन्हा दाबलं. हात थरथरत होता. पान पुन्हा सरकलं. त्या माणसाने फोनच हिसकावला आणि नम्रता मध्ये आली म्हणून उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. त्याच्या अंगठीने तिचा ओठ फाटला. तोंडात रक्ताची चव घेऊन ती काचेच्या खड्यांवरून धावत खाली तळघरातल्या रक्षकांच्या खोलीत गेली. "वर चला," एवढंच तिला म्हणता आलं.

रक्षक आले, पोलीस आले. डॉक्टरांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. कौशल्याने त्यांना खाटेखालून बाहेर काढलं होतं, आणि ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना श्वास मोजायला लावत होती. तिचा फोन कोपऱ्यात पडला होता. काचेला तडा गेलेला, पण चालू. नम्रताने तो उचलला.

"हा मी नेते. याला कुणी हात लावायचा नाही."

"न्या. माझ्या काय कामाचा हाय तो," कौशल्या म्हणाली.

ऑफिसात परत आली तेव्हा ओठाला तीन टाके होते. साईनाथने स्वतःची खुर्ची तिला दिली. तिने सांगितलं: ऑफिसातले तपासणीचे फोन लांबट पडद्याचे. त्यांवर पूर्ण पान मावतं. सरकायला काही उरतच नाही, म्हणून स्क्रोलव्ह्यू बोटाच्या वाटेला जात नाही. वॉर्डातले फोन छोटे, त्यात कौशल्याने अक्षरं मोठी केलेली. पान मावत नाही, ते सरकतं. बोट जरासं खाली-वर घसरलं की जुन्या स्क्रोलव्ह्यूला वाटतं, माणसाला पान सरकवायचंय. तो स्पर्श स्वतःकडे ओढून घेतो, आणि आतल्या कम्पोजच्या बटणाला निरोप जातो की स्पर्श रद्द झाला. रद्द झालेल्या स्पर्शाची नोंद सर्व्हरवर पाठवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"मग जुन्या बटणाला हे का होत नव्हतं?" साईनाथने विचारलं.

दोघांनी जुनं बटण कोडच्या जतन केलेल्या जुन्या आवृत्त्यांतून काढलं. ते श्रीनिवास नावाच्या माणसाने लिहिलेलं होतं, चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या. त्यात एक ओळ होती. बोट टेकताक्षणी बटण आपल्या बाहेरच्या चौकटीला सांगायचं: हे बोट उचललं जाईपर्यंत यात पडू नकोस. का, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. नम्रताने बटण नव्याने लिहिताना रंग आणला, कडं आणलं, दोन सेकंद आणले. ती ओळ तिला जुन्या पद्धतीचा राहिलेला कचरा वाटली होती.

"मी पुसली ती," ती म्हणाली.

"आणि मी ते तपासून पास केलं," साईनाथ म्हणाला. "आपण दोघांनी मिळून एका बाईचा अंबाडा धरला, असं म्हण."

तिने मान खाली घातली. तो पुढे म्हणाला, "रडायचं असेल तर पाच मिनिटं. मग काम."

ती रडली नाही. एकेक भाग बदलण्याचं तिचं धोरण त्या संध्याकाळी कामी आलं. बाकी पानाला धक्का लावायची गरज नव्हती. पट्टी, तक्ता, यादी कम्पोजमध्येच राहिली. फक्त शेवटची चौकट काढून तिथे श्रीनिवासचं जुनं बटण होतं तसं बसवलं. मग तिने वॉर्डासारखाच छोटा फोन घेतला, अक्षरं मोठी केली आणि साईनाथला म्हणाली, "माझा दंड धरून हिसडा मार."

"मी?"

"जोरात. काय करून राहिले तुम्ही, मार म्हणते ना."

त्याने हिसडा दिला. बोट घसरलं, पान जागचं हललं नाही, कडं भरलं. असं त्यांनी चाळीस वेळा केलं. साफसफाईच्या मंदाकिनीबाई दारात थबकल्या आणि "भांडण मिटवायला कुणाला बोलवू का?" असं विचारून गेल्या. गुरुवारी सकाळपर्यंत सगळ्या रुग्णालयांच्या फोनवर दुरुस्त अ‍ॅप गेलं होतं. तडा गेलेला एक फोन मात्र नम्रताच्या पिशवीत, तसाच, जुना.

शुक्रवारी चौकशीच्या खोलीत हिंदुराव, दोन डॉक्टर, कौशल्या आणि हे दोघे होते. वरिष्ठांनी साईनाथला फोनवर बजावलं होतं, की 'काही तांत्रिक शक्यता नाकारता येत नाही' एवढंच बोला. जिन्यात त्याने ते नम्रताला सांगितलं, आणि वर म्हणाला, "मला अलीकडे ऐकू कमी येतं."

नम्रताने उभं राहून सांगितलं. "कौशल्याताईंनी बटण दाबलं होतं. ते वाजलं नाही, कारण मी ते चुकीचं लिहिलं. हे मी लेखी आणलंय."

हिंदुरावांनी कागद बाजूला सारला. "तुम्ही भल्या आहात, ताई. मार खाल्लात, तुम्हाला त्यांची दया येते. पण मी स्वतः तपासलंय. पंधरापैकी पंधरा."

"साहेब, तुम्ही कसं दाबता?"

"जसं दाबायचं तसं."

"खुर्चीत बसून. तुमचा हात हालत नाही." तिने तडा गेलेला फोन त्यांच्यासमोर ठेवला. "आता उभं राहून दाबा. आणि साईनाथ तुमची कॉलर धरेल."

हिंदुराव सावकाश उभे राहिले, कोटाचं बटण काढलं. "धरा."

साईनाथने आधी अवघडून धरली. हिंदुराव म्हणाले, "असं कोणी कुणाला मारत नाही. नीट धरा." मग त्याने नीट धरली, आणि गदागदा हलवलं. म्हाताऱ्याचं डोकं मागेपुढे गेलं, टाचा फरशीवर घसरल्या. अंगठा मात्र त्यांनी सोडला नाही. सैनिकाचा अंगठा होता. पान सरकलं. कडं रिकामं झालं. त्यांनी दात आवळून पुन्हा दाबलं. पुन्हा रिकामं. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी फोन धरला, आणि साईनाथने त्यांना भिंतीवर ढकललं. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, जो त्यांना स्वतःलाही अनोळखी असावा. कडं भरलं नाही.

साईनाथने हात काढून घेतले. हिंदुराव भिंतीला टेकून उभे होते. कॉलर फाटली होती, चेहरा पांढरा पडला होता. ते पडद्याकडे बघत राहिले. मग मान वर करून कौशल्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावरच्या टाक्यांकडे, आणि मग मनगटाकडे.

"सिस्टर," ते म्हणाले, "तीनदा?"

"तीनदा, साहेब."

"मी ऐकलं नाही."

"न्हाई ऐकलं."

त्यांनी ते नाकारलं नाही, माफीही मागितली नाही. खुर्चीत बसले, चौकशीचा कागद ओढला, आणि दोष या रकान्यातलं कौशल्याचं नाव खोडून त्या जागी नम्रताने सांगितलं ते शब्दशः लिहिलं. सही वेडीवाकडी आली. ती त्यांनी दुरुस्त केली नाही.

"नवीन फोन मिळेल तुम्हाला," ते म्हणाले.

कौशल्या उठली. पदराने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"दुपारची ड्यूटी हाय माझी," ती म्हणाली, आणि जिना उतरून अपघात विभागाकडे गेली. नम्रता तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली. काचेचं दार अजून बसलं नव्हतं. तिथे बिजागऱ्यांवर प्लायवूडचा तक्ता लावलेला होता. कौशल्याने तो खांद्याने ढकलला आणि आत शिरली.